२९९ मृत्यू आणि तीन छेद: केस फॅटॅलिटी रेट, मृत्यूंमधला वाटा आणि ढोबळ मृत्युदर कसे काढायचे, कसे वाचायचे

२००३ साली हाँगकाँगमध्ये सार्स या विषाणूजन्य श्वसनरोगाची साथ आली. फेब्रुवारीच्या अखेरीस लागण सुरू झाली आणि जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाँगकाँगचे नाव बाधित भागांच्या यादीतून काढले. एकूण १,७५५ रुग्ण, त्यांपैकी २९९ दगावले. या २९९ मृत्यूंवरून तीन वेगळी वाक्ये लिहिता येतात. सार्स झालेल्या दर सहा जणांमागे एक जण गेला. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये झालेल्या दर सव्वाशे मृत्यूंमागे एकच सार्सचा होता. आणि सार्सची साथ येऊनही शहराचा वर्षाचा मृत्युदर जवळजवळ होता तिथेच राहिला. तिन्ही वाक्ये खरी आहेत.

साथरोगशास्त्र नव्याने शिकणारे, आरोग्य खात्याचे अहवाल पहिल्यांदाच हातात घेणारे किंवा आरोग्याच्या बातम्या लिहिणारे नेमके इथेच अडखळतात, कारण आपल्याकडे तिन्हींना सरसकट ‘मृत्युदर’ म्हणायची सवय आहे. कोविडच्या काळात रोज संध्याकाळी यायचा तो ‘मृत्युदर’ एक, आणि भूगोलाच्या पुस्तकात जन्मदराच्या शेजारी असतो तो ‘मृत्युदर’ दुसरा. तेव्हा हाँगकाँगचेच आकडे घेऊन एकेक दर काढू.

पायरी १: आधी चार आकडे मांडा

गणित सुरू करण्यापूर्वी कागदावर चारच गोष्टी लिहा: लोकसंख्या, वर्षभरातले सर्व कारणांचे मृत्यू, त्या आजाराचे रुग्ण आणि त्या आजाराने झालेले मृत्यू. हाँगकाँग २००३ साठी ते असे:

लोकसंख्या: सुमारे ६७ लाख
सर्व मृत्यू: सुमारे ३७ हजार
सार्सचे रुग्ण: १,७५५
सार्सचे मृत्यू: २९९

चारही आकडे एकाच भूभागाचे आणि एकाच कालावधीचे हवेत. वाक्य सोपे आहे, पण बहुतेक चुका इथेच होतात. जिल्हा रुग्णालयातले मृत्यू अंशात घेतले आणि जिल्ह्याची लोकसंख्या छेदात घेतली, की शेजारच्या जिल्ह्यातून उपचारांसाठी आलेले रुग्णही आपल्याच खात्यात पडतात. शहरांच्या मृत्यूनोंदी बघताना ही अडचण नेहमी येते, कारण मोठी रुग्णालये शहरात आणि रुग्ण चार तालुक्यांतले. नोंद राहत्या पत्त्याप्रमाणे मोजली आहे की मृत्यू झाला त्या जागेप्रमाणे, हे पहिल्यांदा विचारून घ्या.

पायरी २: केस फॅटॅलिटी रेट

सूत्र: त्या आजाराने झालेले मृत्यू ÷ त्या आजाराचे निदान झालेले रुग्ण × १००

२९९ ÷ १,७५५ × १०० = १७ टक्के.

हा सीएफआर. याच्या छेदात फक्त रुग्ण असतात, निरोगी माणूस नसतो. त्यामुळे आजार जडल्यावर तो किती जिवावर बेततो एवढेच तो सांगतो. आजार जडण्याची शक्यता किती, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की सीएफआर जवळपास १०० टक्के, पण म्हणून रेबीज हे देशातल्या मृत्यूंचे मोठे कारण ठरत नाही.

सूत्र एका ओळीचे असले तरी तीन तिढे आहेत. हाँगकाँगच्या साथीत त्यांतले दोन स्पष्ट दिसतात.

पहिला तिढा वेळेचा. २००३ च्या मार्चअखेरीस सार्सचा सीएफआर सुमारे ४ टक्के सांगितला जात होता. ७ मेपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने तो १४ ते १५ टक्क्यांवर नेला. विषाणू मध्येच जास्त घातक झाला नव्हता. साथ चढती असते तेव्हा छेदात आज सकाळी भरती झालेला रुग्णही येतो, पण त्याचे काय होणार हे ठरायला अवधी असतो. हाँगकाँगमध्ये जे दगावले, ते भरती झाल्यापासून सरासरी महिनाभराहून जास्त काळाने दगावले. म्हणजे छेद आजचा आणि अंश महिन्यापूर्वीच्या रुग्णांचा.

यावरचा घरगुती इलाज म्हणजे निकाल लागलेल्या रुग्णांवर गणित करणे: मृत्यू ÷ (मृत्यू + बरे झालेले). समजा, आजपर्यंत १,००० रुग्ण झाले, ४० गेले, २६० घरी गेले आणि ७०० अजून खाटेवर आहेत. सरधोपट सीएफआर ४ टक्के. निकाल लागलेल्या ३०० जणांवर काढला तर ४० ÷ ३०० म्हणजे १३ टक्के. दुसरा आकडा सत्याच्या जवळ असतो, पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. हाँगकाँगमध्ये बरे झालेले सरासरी साडेतीन आठवड्यांत घरी जात होते आणि मृत्यूला मात्र पाच आठवडे लागत होते. सुखरूप निकाल आधी लागत असल्यामुळे साथ भरात असताना हाही आकडा थोडा खालीच राहिला असता. जिथे रुग्ण लवकर दगावतात आणि बरे व्हायला महिना लागतो, तिथे उलटे होऊन आकडा फुगतो. सर्वात स्वच्छ रीत म्हणजे एका ठरावीक आठवड्यात लक्षणे सुरू झालेल्या सगळ्या रुग्णांची यादी धरायची आणि त्यातल्या शेवटच्या माणसाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे.

दुसरा तिढा वयाचा. हाँगकाँगच्या रुग्णांवर साथ चालू असतानाच केलेल्या अभ्यासात ६० वर्षांखालच्यांचा सीएफआर सुमारे १३ टक्के आणि त्यावरच्यांचा सुमारे ४३ टक्के निघाला. तेव्हा ‘१७ टक्के’ हा आकडा हाँगकाँगमध्ये कोणाला लागण झाली यावरही अवलंबून आहे. तिथे पाचातला एकाहून अधिक रुग्ण आरोग्य कर्मचारी होता, म्हणजे नोकरीच्या वयातला. हीच साथ वृद्धाश्रमांमधून फिरली असती तर विषाणू तोच राहूनही सीएफआर दुप्पट झाला असता. चीनच्या मुख्य भूमीवर त्या साथीत ५,३२७ रुग्ण आणि ३४९ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे साडेसहा टक्के. हाँगकाँगच्या निम्म्याहूनही कमी. यावरून ‘चीनमध्ये उपचार चांगले होते’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरा. आधी दोन्हीकडच्या रुग्णांची वये बघा आणि कोणाला ‘रुग्ण’ म्हणायचे याची व्याख्या दोन्हीकडे सारखी होती का, ते तपासा.

तिसरा तिढा छेदातून गळालेल्या माणसांचा. सार्समध्ये तो फारसा नव्हता, कारण लागण झाली की माणूस सहसा दवाखाना गाठण्याइतका आजारी पडायचा. कोविडमध्ये तो सगळ्यात मोठा होता. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. झोपडपट्ट्यांमधल्या ५७ टक्के आणि इतर वस्त्यांमधल्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. त्या सुमारास मुंबईतल्या नोंदलेल्या रुग्णांवरचा सीएफआर साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता. लागण झालेल्या सगळ्यांना छेदात घेतल्यावर त्याच सर्वेक्षणाने काढलेला दर ०.०५ ते ०.१० टक्के निघाला. (हा दर काढताना धरलेले मृत्यूही नोंदलेलेच होते. तिथेही गळती असेल तर तो वर सरकेल.) कोणी चाचण्या वाढवल्या की सीएफआर आपसूक उतरतो, आणि मग पत्रकार परिषदेत त्याचे श्रेय उपचारांना दिले जाते. असा आकडा हातात आला की त्याच काळात दररोज किती चाचण्या होत होत्या, ते शेजारी लिहून ठेवा.

आणि एक मर्यादा. सीएफआर हा कॉलरा, गोवर, सार्स अशा थोड्या दिवसांत निकाल लागणाऱ्या आजारांसाठी आहे. मधुमेहाचा सीएफआर काढायला बसाल तर वीस वर्षे कोण मोजणार? तिथे मुदत ठरवावी लागते, जशी हृदयविकाराच्या झटक्यानंतर तीस दिवसांची ठरवतात. मुदत न लिहिलेला सीएफआर दिसला तर तो बाजूला ठेवा.

पायरी ३: ढोबळ मृत्युदर

सूत्र: वर्षभरातले सर्व मृत्यू ÷ वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या × १,०००

३७,००० ÷ ६७,००,००० × १,००० = ५.५ प्रति हजार.

आता सार्सचे २९९ मृत्यू वजा करून तेच गणित पुन्हा करा: ३६,७०१ ÷ ६७,००,००० × १,००० = ५.४८. मूळ आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत ५.५२ होता. फरक ०.०४ चा. ज्या साथीने शाळा बंद पाडल्या आणि अमॉय गार्डन्ससारख्या वसाहतीतल्या तीनशेहून अधिक जणांना गाठले, तिची खूण ढोबळ मृत्युदरात शोधूनही सापडत नाही. एका आजाराबद्दल हा दर थेट काहीच सांगत नाही, कारण त्यात तो आजार वेगळा काढलेलाच नसतो. आजाराने सबंध लोकसंख्येला हलवले का, एवढेच तो दाखवतो.

त्याला ‘ढोबळ’ म्हणतात ते वयाकडे बघत नाही म्हणून. भारताच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांत केरळचा मृत्युदर हजारी ७.० आहे आणि बिहारचा ५.४. केरळात माणसे लवकर मरतात असे कोणी म्हणणार नाही. तिथे म्हातारी माणसे जास्त आहेत, एवढेच. हे गणितात कसे होते ते दोन कल्पित गावांवर बघा. दोन्हींची लोकसंख्या १०,०००.

पहिल्या गावात साठीखालचे ८,००० आणि साठीवरचे २,०००. साठीखाली हजारी २ मरतात, म्हणजे १६. साठीवर हजारी ४०, म्हणजे ८०. एकूण ९६, दर हजारी ९.६.

दुसऱ्या गावात साठीखालचे ९,५०० आणि साठीवरचे फक्त ५००. इथे साठीखाली हजारी ४ मरतात, म्हणजे ३८. साठीवर हजारी ५०, म्हणजे २५. एकूण ६३, दर हजारी ६.३.

दुसऱ्या गावात तरुण जास्त मरतात आणि म्हातारेही जास्त मरतात, तरी त्याचा ढोबळ दर कमी. हे उलगडायची रीत सोपी आहे: दुसऱ्या गावाचे दर पहिल्या गावाच्या वयरचनेला लावा. ८,००० वर हजारी ४ म्हणजे ३२ आणि २,००० वर हजारी ५० म्हणजे १००. एकूण १३२, दर १३.२. आता ९.६ आणि १३.२ ची तुलना रास्त झाली. याला वयानुसार प्रमाणीकरण म्हणतात. दोन राज्ये, दोन देश किंवा एकाच जिल्ह्याची तीस वर्षांच्या अंतराने तुलना करायची असेल तर याशिवाय ढोबळ दर शेजारी शेजारी मांडू नका. एकाच जागेची दोन लागोपाठची वर्षे असतील तर हरकत नाही. वयरचना एका वर्षात बदलत नाही.

पायरी ४: मृत्यूंमधला वाटा

सूत्र: त्या आजाराने झालेले मृत्यू ÷ सर्व मृत्यू × १००

२९९ ÷ ३७,००० × १०० = ०.८ टक्के.

इंग्रजीतल्या प्रपोर्शनल मॉर्टॅलिटीचे हे मराठी रूप. काढायला सर्वात सोपे, कारण लोकसंख्याही लागत नाही आणि रुग्णसंख्याही नाही. स्मशानभूमीची किंवा नगरपालिकेची मृत्यूंची नोंदवही असली की झाले. म्हणूनच ते सर्वात जास्त वापरले जाते आणि सर्वात जास्त चुकीचे वाचले जाते. भाकरी केवढी होती हे न सांगता चतकोर तुमच्या हातात ठेवावी, तसा हा आकडा असतो.

एका तालुक्यात वर्षाला १,००० मृत्यू होतात आणि त्यांतले २०० हृदयविकाराने, असे समजा. वाटा २० टक्के. पुढच्या काही वर्षांत बालकांचे जुलाब आणि रस्त्यावरचे अपघात आटोक्यात आले आणि २०० मृत्यू टळले. आता एकूण ८००, हृदयविकाराचे तेवढेच २००, वाटा २५ टक्के. तालुक्यात हृदयविकाराने एकही माणूस जास्त मेलेला नाही, पण ‘हृदयविकाराचे प्रमाण वाढले’ असा मथळा तयार झाला. वाट्यांची बेरीज नेहमी १०० च येते. एकाचा उतरला की बाकीच्यांचे चढतात.

मग हा वाटा कशाला हवा? आज इथले मृत्यू कशाकशाने होत आहेत, हे तो सांगतो. खाटा, औषधे आणि माणसे कुठे लावायची हे ठरवणाऱ्याला तेच हवे असते. मात्र ‘मला हृदयविकाराने मरण येण्याचा धोका किती’ हे त्यातून काढू नका.

आपल्याकडे या वाट्याला आणखी एक जोखीम चिकटलेली आहे, ती कारण लिहिण्याची. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. त्या प्रमाणित मृत्यूंमध्ये रक्ताभिसरणाच्या विकारांचा वाटा सुमारे ३२ टक्के. म्हणजे ही ३२ टक्क्यांची चतकोर मुख्यतः रुग्णालयात झालेल्या मृत्यूंतली आहे. घरी, शेतावर, वाटेत गेलेल्यांची नाही.

आणि प्रमाणपत्र तरी कसे भरले जाते? रुग्णालयात फॉर्म ४ वापरतात आणि रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ४ए. फॉर्मच्या पहिल्या भागात एकाखाली एक तीन ओळी असतात. वरच्या ओळीत थेट मृत्यू घडवणारी अवस्था, तिच्याखाली ती कशामुळे आली, आणि सर्वात खाली मूळ कारण. व्यवस्थित भरलेला फॉर्म असा दिसतो: वर ‘सेप्सिस’, मध्ये ‘पायाचे गँगरीन’, खाली ‘टाइप २ मधुमेह’. मोजणीत जातो तो मधुमेह. पण रात्री दोन वाजता, नातेवाईक खोळंबलेले असताना, इंटर्न पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितो आणि खालच्या दोन रिकाम्या सोडतो. हृदय आणि श्वास बंद पडणे ही मरण्याची रीत आहे, सगळेच तसे मरतात. अशा फॉर्मवरून मधुमेहाचा वाटा घटतो आणि तो मृत्यू एखाद्या निरुपयोगी रकान्यात किंवा हृदयविकारात जाऊन पडतो. कोणत्याही जिल्ह्याचा वाटा वाचण्यापूर्वी तिथे ‘लक्षणे व अस्पष्ट कारणे’ या रकान्यात किती मृत्यू आहेत ते बघा. तो रकाना फुगलेला असेल तर बाकीचे सगळे वाटे कच्चे समजा.

पायरी ५: तिन्ही एका साखळीत जोडून ताळा करा

आपले गणित बरोबर आहे का, हे बघायला तिन्ही दर जुळवता येतात. मध्ये एक दुवा लागतो: त्या आजाराचा मृत्युदर, म्हणजे आजाराचे मृत्यू भागिले सगळी लोकसंख्या.

लागण: १,७५५ ÷ ६७ लाख = लाखामागे २६.२
गुणिले सीएफआर: २६.२ × ०.१७ = लाखामागे साधारण ४.५ सार्सचे मृत्यू
भागिले ढोबळ दर: ४.५ ÷ ५५२ = ०.८ टक्के, म्हणजेच मृत्यूंमधला वाटा

ढोबळ दर इथे हजाराऐवजी लाखामागे घेतला आहे, म्हणून ५५२. एककांचा हा घोळ बऱ्याचदा होतो. उत्तर शंभरपट चुकले की आधी तिथेच बघा. लाखामागचा ४.५ हा आकडाही लक्षात राहू द्या, कारण सर्वसामान्य हाँगकाँगकराला त्या वर्षी सार्सने मरण येण्याचा धोका हाच होता. सतरा टक्के नव्हे आणि ०.८ टक्केही नव्हे.

साखळी मांडली की आजाराचा स्वभाव कळतो. सार्समध्ये दुसरी कडी जड होती आणि पहिली हलकी. याच्या अगदी उलट उदाहरण मुंबई इलाख्याने १९१८ मध्ये भोगले. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक जण बरे झाले. सार्सचा सीएफआर त्याच्यापेक्षा वरचढ होता. पण लागण घरोघर होती. नुसता हिशेब म्हणून करून बघा: हजारातले ५०० आजारी पडले आणि त्यांतले ५ टक्के गेले, तर हजारामागे २५ जादा मृत्यू होतात. ब्रिटिश हिंदुस्थानातला नोंदलेला ढोबळ मृत्युदर १९१७ मध्ये हजारी ३३ च्या आसपास होता आणि १९१८ मध्ये तो ६२ वर गेला. वर्षभरात वयरचना बदललेली नव्हती, त्यामुळे इथे ढोबळ दरावर विश्वास ठेवायला हरकत नाही. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेत असे दशक पुन्हा आलेले नाही.